लाखातले साडेसात

वाण्याच्या दुकानातून तीन पुड्या आणाव्यात: मीठ, धुण्याचा सोडा आणि नवसागर. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही पाण्यात मुकाट्याने विरघळणाऱ्या. रसायनशास्त्राच्या पुस्तकातही तिन्हींची जागा एकाच प्रकरणात असते, कारण आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन जे तयार होते तो क्षार, आणि हे तिघेही क्षारच. या अभिक्रियेला शाळेत उदासिनीकरण म्हणतात. साहजिकच ऐकणाऱ्याची समजूत होते की, आम्लाचा आंबटपणा गेला, आम्लारीचा बुळबुळीतपणा गेला, उरलेला क्षार म्हणजे अगदी निरुपद्रवी, उदासीन पदार्थ.

चिमूटभर हळद ही समजूत मोडते. मिठाच्या पाण्यात हळद पिवळीच राहते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली की बघता बघता तांबडीलाल होते. नवसागराच्या पाण्यात ती पुन्हा पिवळीच दिसते, पण त्यात निळा लिटमस कागद बुडवला तर तो तांबूस होतो. म्हणजे एक क्षार उदासीन, दुसरा आम्लारिधर्मी आणि तिसरा आम्लधर्मी. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावताच डाग लाल होतो हे घरोघरी पाहिलेले असते. तिथेही हेच घडते. साबण हासुद्धा मेदाम्लाचा सोडिअम क्षार आहे.

या फरकाचे मूळ क्षाराच्या आईबापांत आहे. मीठ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांपासून बनते. दोघेही तीव्र, म्हणजे पाण्यात पडताच पूर्णपणे आयनांत विभागले जाणारे. हायड्रोक्लोरिक आम्लाने आपला हायड्रोजन आयन एकदा सोडला की मागे राहिलेल्या क्लोराइडला तो परत घेण्याची काही ओढ नसते. सोडिअमचेही तसेच, हायड्रॉक्साइडशी त्याचे काही अडत नाही. म्हणून मिठाच्या पाण्यात हे दोन्ही आयन नुसते फिरत राहतात आणि पाण्याला हात लावत नाहीत.

धुण्याच्या सोड्यात सोडिअम तसाच अलिप्त असतो, पण त्याचा जोडीदार कार्बोनेट हा कार्बोनिक आम्लाच्या पोटचा. कार्बोनिक आम्ल सौम्य आहे. सौम्य आम्ल म्हणजे आपला हायड्रोजन सहजासहजी न सोडणारे आम्ल. मग त्याचा आयन मोकळा सापडला तर तो काय करणार? आसपासच्या पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन आयन ओढून घेणार. पाण्याच्या रेणूतून तो गेला की मागे हायड्रॉक्साइड उरतो आणि द्रावण आम्लारिधर्मी होते. नवसागरात उलटा प्रकार. त्याचे रासायनिक नाव अमोनिअम क्लोराइड. अमोनिया ही सौम्य आम्लारी असल्यामुळे अमोनिअम आयन आपल्याकडचा जादा हायड्रोजन पाण्याला देऊन टाकतो आणि द्रावण आम्लधर्मी बनते. आयन आणि पाणी यांच्यातल्या या देवघेवीला जलअपघटन म्हणतात.

तेव्हा क्षार दिसला की आधी त्याचे दोन आयन सुटे करायचे आणि प्रत्येकाचा जन्मदाता तीव्र की सौम्य हे पाहायचे. तीव्र जन्मदात्याचा आयन गप्प बसतो, सौम्य जन्मदात्याचा आयन पाण्याशी खटपट करतो. दोन्ही जन्मदाते सौम्य असले तर दोन्ही आयन आपापल्या बाजूला ओढतात आणि ज्याचा जोर जास्त त्याची सरशी होते. अमोनिअम ॲसिटेटमध्ये दोघांचा जोर योगायोगाने सारखाच भरतो, त्यामुळे त्याच्या द्रावणाचा सामू जवळजवळ ७ येतो. हा क्षार उदासीन आहे, पण मिठासारखा गप्प नाही. दोन्हीकडची ओढाताण बरोबरीत सुटली, इतकेच.

दिशा कळली, आता आकडा. सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना मांडली. ती कार्ल्सबर्ग बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा. द्रावणात हायड्रोजन आयन किती, हे दहाच्या घातात सांगण्याची ही सोय आहे. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट वाढलेले असतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, कारण पाणी स्वतःही किंचित विभागले जाते. साधारण ५५ कोटी रेणूंत एक, इतके किंचित.

उदाहरण नवसागराचे घेऊ. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात जो भुरभुरतो आणि ज्याचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो, तोच हा. त्याचा एक मोल ५३.५ ग्रॅमचा. ५.३५ ग्रॅम नवसागर पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण केले की लिटरमागे ०.१ मोल भरतो. इथे तक्ता उघडायचा आणि पहिली ठेच नेमकी इथेच लागते. तक्त्यात अमोनियाचा विचरण स्थिरांक मिळतो, 1.8×10⁻⁵. पण हा आकडा अमोनियाचा आहे, आणि द्रावणात काम करणारा आहे अमोनिअम आयन. आम्लारी जितकी सौम्य, तितका तिचा आयन आम्ल म्हणून जोरदार. या दोन जोरांचा गुणाकार नेहमी पाण्याच्या स्थिरांकाइतका भरतो, आणि तो २५ अंशांना 1.0×10⁻¹⁴ आहे. म्हणून आधी भागाकार:

Ka = 1.0×10⁻¹⁴ ÷ 1.8×10⁻⁵ = 5.6×10⁻¹⁰

यापुढचा हिशोब सोपा आहे. अमोनिअमने सोडलेल्या प्रत्येक हायड्रोजन आयनामागे एक अमोनिया रेणू तयार होतो, म्हणजे दोघांची संख्या सारखी. ती x मानली, तर x चा वर्ग भागिले उरलेले अमोनिअम हे Ka इतके यायला हवे. उरलेले अमोनिअम खरे तर ०.१ वजा x आहे. पण x इतका चिल्लर निघणार की ०.१ मधून तो वजा केला काय, न केला काय, सारखेच. मग उरते ते एक वर्गमूळ:

[H⁺] = √(5.6×10⁻¹⁰ × 0.1) = 7.5×10⁻⁶

pH = 5.13

x चिल्लर असेल हे आधी गृहीत धरले होते, ते आता तपासता येते. ०.१ मोलाच्या तुलनेत 7.5×10⁻⁶ म्हणजे एक लाख अमोनिअम आयनांमागे साडेसात. बाकीचे ९९ हजार ९९२ जण जसेच्या तसे. तरीही एवढ्या मूठभरांमुळे पाण्याचा सामू ७ वरून ५ च्या जवळ येतो, कारण शुद्ध पाण्यातले हायड्रोजन आयन त्याहूनही कितीतरी विरळ असतात. अपघटन किती झाले आणि सामू किती हलला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थी त्यांची गल्लत करतात आणि मग ‘आम्लधर्मी क्षार’ ऐकून सगळा क्षार आम्ल झाला असे चित्र रंगवतात.

हेच द्रावण शंभरपट पातळ केले तर? हिशोब पुन्हा मांडला की सामू ६.१३ येतो. आम्लधर्म कमी झाला, पण लाखात साडेसातऐवजी आता ७५ आयन फुटले आहेत. पातळ करावे तसे अपघटनाचे प्रमाण वाढते आणि परिणाम मात्र घटतो.

भागाकार विसरून तक्त्यातला 1.8×10⁻⁵ हा आकडा थेट सूत्रात घातला, तर सामू २.८७ येतो. तेवढ्याच तीव्रतेच्या ॲसेटिक आम्लाचा सामूही इतकाच असतो. नवसागराचे पाणी व्हिनेगरच्या तोडीचे आंबट निघाले की गणित करणाऱ्याने तिथेच थांबून पाटी पुसावी.

धुण्याच्या सोड्याचे गणितही याच वाटेने जाते, फक्त इथे मोजायचे ते हायड्रॉक्साइड. कार्बोनिक आम्ल आपले दोन हायड्रोजन दोन टप्प्यांत सोडते. कार्बोनेटचा संबंध दुसऱ्या टप्प्याशी, ज्याचा स्थिरांक 4.7×10⁻¹¹ आहे. पाण्याच्या स्थिरांकाला त्याने भागले की 2.1×10⁻⁴ मिळतो. ०.१ मोलाच्या द्रावणात हायड्रॉक्साइड निघतो 4.5×10⁻³ आणि सामू ११.६५. इथे शंभरातले साडेचार कार्बोनेट आयन फुटलेले असतात, म्हणजे नवसागराच्या मानाने सहाशेपट जास्त. ‘x सोडून द्या’ ही सवलत इथे जेमतेम चालते. प्रयोगशाळेत साधारण पाच टक्क्यांपर्यंत ती घेतात, पुढे वर्गसमीकरण सोडवावेच लागते.

सोड्याच्या बाबतीत आणखी एक व्यवहारातली मेख आहे. त्याच्या चकचकीत स्फटिकांत सोड्याच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात आणि अशा स्फटिकांचा एक मोल २८६ ग्रॅमचा असतो. हे स्फटिक उघडे पडले की पाणी गमावून त्यांची भुकटी होते. पूर्ण कोरड्या सोड्याचा मोल १०६ ग्रॅमचाच. स्फटिक समजून कोणी २८.६ ग्रॅम कोरडी भुकटी तोलली, तर द्रावण ०.१ ऐवजी ०.२७ मोलाचे होते. चूक पावणेतीन पटींची, पण सामू ११.६५ वरून ११.८७ एवढाच सरकतो. वर्गमूळ आणि दहाचे घात यांनी ती चूक पचवून टाकलेली असते. म्हणून सामू बरोबर आला यावरून वजन बरोबर होते असे कधी मानू नये.

खाण्याचा सोडा याच घराण्यातला, पण स्वभावाने मवाळ. त्यातला बायकार्बोनेट आयन हायड्रोजन देऊही शकतो आणि घेऊही शकतो. या दुहेरी वागण्यामुळे त्याच्या द्रावणाचा सामू कार्बोनिक आम्लाच्या दोन टप्प्यांच्या मधोमध येतो: ६.३५ आणि १०.३३ यांची सरासरी, म्हणजे ८.३४. गंमत म्हणजे यात तीव्रतेचा आकडा कुठेच नाही. फारच पातळ द्रावण सोडले, तर एक चमचा सोडा घाला की चार, सामू तिथल्या तिथेच. हळदीवर त्याचा रंगही सौम्यच चढतो. मात्र हाच सोडा कोरड्या तव्यावर चांगला तापवला, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. ती पूड पाण्यात घालून हळद टाकली की रंग खासा गडद येतो.

इथपर्यंत आईबापांचा नियम बिनबोभाट चालतो. तुरटीपाशी मात्र वाचकाला प्रश्न पडायला हवा. तुरटीत पोटॅशिअम, ॲल्युमिनिअम आणि सल्फेट असे तीन आयन असतात. पोटॅशिअम गप्प, सल्फेट जवळजवळ गप्प. तरी लिटरमागे ०.१ मोल तुरटीच्या द्रावणाचा सामू ३ च्या आसपास जातो. ॲल्युमिनिअमजवळ तर सोडायला हायड्रोजनच नाही, मग हे आम्ल आले कुठून?

ते आले पाण्यातूनच. ॲल्युमिनिअमचा आयन आकाराने लहान आणि त्याच्यावर धनप्रभार तीन. तो आपल्याभोवती पाण्याचे सहा रेणू धरून ठेवतो आणि त्यांच्या ऑक्सिजनकडचे इलेक्ट्रॉन इतके ओढतो की त्या रेणूंची हायड्रोजनवरची पकड सैल होते. एखादा हायड्रोजन आयन निसटतो. या सहा पाणी धरलेल्या आयनाचा आम्ल म्हणून स्थिरांक 1×10⁻⁵ च्या घरात आहे, म्हणजे जवळपास व्हिनेगरमधल्या आम्लाइतका. लोहाचा तीन प्रभारांचा आयन तर याहूनही आम्लधर्मी. सोडिअमजवळ प्रभार एकच आणि आकार मोठा, म्हणून त्याच्याभोवतीचे पाणी शाबूत राहते.

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवतात, ती याच अपघटनावर भरवसा ठेवून. हायड्रोजन आयन सोडत सोडत ॲल्युमिनिअम शेवटी हायड्रॉक्साइडचा पांढरट, जेलीसारखा साका होतो आणि गाळाचे कण गोळा करून तळाशी बसतो. मग ते पाणी आंबट का लागत नाही? समजा लिटरमागे ५० मिलिग्रॅम तुरटी उतरली. शुद्ध पाण्यात एवढ्या तुरटीने सामू साडेचारच्या आसपास घसरला असता. पण विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट असते आणि ते हा आम्लधर्म गिळून टाकते. एका ॲल्युमिनिअममागे तीन बायकार्बोनेट खर्ची पडतात. ५० मिलिग्रॅम तुरटीत सुमारे ०.१ मिलिमोल ॲल्युमिनिअम, म्हणजे खर्च ०.३ मिलिमोल. पाण्यात लिटरमागे २ मिलिमोल बायकार्बोनेट असेल, तर त्यातला सहावा हिस्सा गेला. सामू थोडा उतरतो, पण पाणी पिण्याजोगे राहते. बायकार्बोनेट कमी असलेल्या मऊ पाण्यात मात्र ही गंगाजळी लवकर संपते, म्हणून जलशुद्धीकरण केंद्रांत अशा वेळी चुना किंवा सोडा सोबत घालतात.

ही मात्रा हाताबाहेर गेली तर काय होते, ते इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या कॅमलफर्ड गावाने पाहिले. ६ जुलै १९८८ रोजी लोवरमूर जलशुद्धीकरण केंद्रात बदली म्हणून आलेल्या टँकरचालकाने २० टन ॲल्युमिनिअम सल्फेटचे द्रावण चुकीच्या टाकीत ओतले, आणि ते थेट सुमारे २० हजार लोकांच्या नळांच्या पाण्यात गेले. ॲल्युमिनिअम सल्फेट हा तुरटीचाच भाऊबंद. अपघटनाने पाण्याचा सामू ४ च्या आसपास उतरला. अशा पाण्याने नळाच्या आतल्या बाजूचे तांबे आणि शिसे विरघळवायला सुरुवात केली, त्यामुळे लोकांच्या पेल्यात एकट्या ॲल्युमिनिअमच्या जोडीला इतर धातूही आले. टाकीत आम्लाचा एक थेंबही ओतलेला नव्हता, ओतला होता तो क्षार.

जलअपघटनाच्या नावावर मात्र वाटेल ते खपवू नये. अमोनिअम सल्फेट खत वर्षानुवर्षे टाकले की जमीन आम्लधर्मी होते हे खरे आहे, आणि त्याचे कारण म्हणून या क्षाराचे अपघटन सांगण्याचा मोह होतो. पण लाखात साडेसात आयनांचा हा मामला जमिनीचा पोत बदलण्याइतका मोठा नाही. तिथले खरे काम मातीतले जिवाणू करतात. ते अमोनिअमचे नायट्रेट करतात आणि प्रत्येक अमोनिअममागे दोन हायड्रोजन आयन मातीत सोडतात. लाखातले साडेसात कुठे आणि एकास दोन कुठे!

सूत्रालाही त्याच्या मर्यादा आहेत. नवसागराचे द्रावण पातळ करत करत लिटरमागे दहा लाखांश मोलावर आणले आणि तेच वर्गमूळ काढले, तर सामू ७.६ येतो. आम्लधर्मी क्षार पातळ केल्याने आम्लारिधर्मी झाला, असे कधी होत नसते. गफलत अशी की सूत्राने पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरलेलेच नाहीत. वर्गमुळाच्या आत पाण्याचा स्थिरांक मिळवला की उत्तर ६.९९ येते, आणि तेच बरोबर. दुसरी मर्यादा तापमानाची. ६० अंशांना पाण्याचा स्थिरांक जवळजवळ दसपट होतो आणि उदासीन पाण्याचा सामू ६.५ भरतो. त्यामुळे गरम द्रावणाचा सामू ७ च्या खाली दिसला म्हणून ते आम्लधर्मी ठरत नाही.

घरी किंवा शाळेत हे करून पाहताना सर्वांत जास्त फसवतो तो मिठाचा प्रयोग. उघड्या बाटलीतले ऊर्ध्वपातित पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याचा सामू ५.६ च्या आसपास येतो. त्यात मीठ घालून सामूमापक लावला की आकडा ७ च्या बराच खाली येतो आणि मुले वहीत लिहितात, ‘मीठ आम्लधर्मी’. त्यांना खोडून काढण्याआधी पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, झाकून थंड करावे आणि मग त्यात मीठ घालून लगेच मोजावे.